इंटरव्ह्यूची नोट कशी लिहायची, म्हणजे तीन आठवड्यांनी दोन उमेदवार समोरासमोर ठेवले तरी ती कामाला येईल

"पोरगा चांगला वाटला. कॉन्फिडन्ट आहे. टेक्निकल ओके. कम्युनिकेशन थोडं वीक. विचार करायला हरकत नाही."

बेळगावात उद्यमबाग नाहीतर मच्छेतल्या कुठल्याही मशीन शॉपच्या फाईलमध्ये अशी नोट सापडेल, आणि गंमत म्हणजे ती आठ उमेदवारांपैकी कुणाच्याही नावापुढे चिकटवली तरी चालून जातेय. आपल्याकडे इंटरव्ह्यू काय एका दिवशी उरकत नाहीत, चार आज झाले, मग डिस्पॅचची घाई आली, मग सुपरवायझर रजेवर, उरलेले दहा दिवसांनी, आणि शेवटी मालक विचारतात "दोन नंबरचा घ्यायचा की सात नंबरचा?" तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, कारण "चांगला वाटला" आणि "बरा आहे" यात फरक काय ते लिहिणाऱ्यालाही आता आठवत नाही. मग ज्याचा चेहरा लक्षात राहिला तो लागतो, आणि चेहरा बहुतेक वेळा शेवटी आलेल्याचा लक्षात राहतो.

मी इथं एकच पोस्ट घेऊन सगळं दाखवतो, मशीन शॉपमधला क्वालिटी इन्स्पेक्टर. आपल्या भागात ही भरती सारखी चालू असते आणि यात "येतंय" की "येत नाही" हे डोळ्यांनी बघता येतं. अकाउंट्स नाहीतर स्टोअरची जागा असेल तर टास्क बदला, नोट लिहायची रीत तीच.

नोट चांगली व्हायची तर काम आधी करावं लागतं

बहुतेकांना वाटतं नोट हा इंटरव्ह्यूनंतरचा विषय आहे. तसं नाही. एकाला तुम्ही ड्रॉइंग वाचायला दिलं, दुसऱ्याला मागच्या कंपनीबद्दल विचारलं आणि तिसऱ्याबरोबर त्याच्या आयटीआयच्या सरांची ओळख निघाली म्हणून गप्पा मारल्या, तर तीन नोटा कितीही सुंदर लिहा, त्यांची तुलना होणारच नाही. म्हणून बसायच्या आधी तीन गोष्टी ठरवायच्या, जास्त नकोत, आणि त्या प्रत्येकासाठी सारख्या ठेवायच्या. इन्स्पेक्टरसाठी आमच्या त्या तीन अशा: मोजमाप करून निर्णय घेता येतोय का, माल थांबवायची वेळ आली तर काय करतो, आणि मशीनवरच्या ऑपरेटरला रिजेक्शन समजावून सांगता येतंय का.

पहिल्यासाठी टेबलावर एक बुश ठेवायचा आणि त्याचं ड्रॉइंग. बोअर २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी, एकवीस मायक्रॉनचा खेळ. बुश मुद्दाम असा निवडलेला की स्टँडर्ड रूममध्ये तो २५.०२७ भरलाय, म्हणजे सहा मायक्रॉननी ओव्हरसाईज, रिजेक्ट. शेजारी ०.०२ लीस्ट काउंटचा व्हर्नियर, मायक्रोमीटर, एक मायक्रॉन डायलचा बोअर गेज आणि गो-नोगो प्लग गेज. वाक्य एकच, कागदावर लिहून ठेवलेलं: "हा बोअर चेक करून सांगा, पास की रिजेक्ट, आणि का."

यातली मेख अशी की व्हर्नियर लावला तर तो २५.०२ दाखवणार आणि उमेदवार "ओके" म्हणून मोकळा होणार. टॉलरन्स २१ मायक्रॉन आणि हातातलं साधन २० मायक्रॉनच्या खाली बघूच शकत नाही, हे ज्याच्या लक्षात येतं तो व्हर्नियर बाजूला ठेवतो. तोंडी विचारलं तर सगळेच "बोअर गेज सर" म्हणतात हो, हात कुठल्या साधनाकडे जातो ते बघायचं असतं.

आता मार्क. एक ते चार ठेवा, पाच नको, कारण पाच ठेवले की सगळे तीनवर जाऊन बसतात. आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ इंटरव्ह्यूच्या आधी लिहून ठेवा. बुशच्या टास्कला आमचा असा:

> १ – ड्रॉइंगवरचा टॉलरन्स बघितलाच नाही, किंवा व्हर्नियरवरच निर्णय दिला.
> २ – साधन बरोबर निवडलं, पण निर्णय चुकला आणि एकदा सुचवूनही सुधारला नाही.
> ३ – साधन बरोबर, एकदा सुचवल्यावर निर्णय बरोबर.
> ४ – काही न सुचवता बरोबर निर्णय, आणि कारण सांगितलं.

ही आकड्यापुढं वागणूक लिहायची पद्धत काय नवीन नाही, अमेरिकेत स्मिथ आणि केंडल या दोघांनी १९६३ मध्ये ती मांडली होती, आणि कारण हेच, नुसत्या आकड्याचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. एक काळजी घ्या, बरोबर उत्तराचे सगळे रस्ते आधी मोजा. या बुशला प्लग गेज लावून "नोगो बाजू आत गेली, रिजेक्ट" म्हणणाराही पूर्ण बरोबर आहे, किती मोठा ते त्याला कळणार नाही एवढंच. ते आधी ठरवलं नाही तर एक सुपरवायझर त्याला चार देईल आणि दुसरा "बोअर गेज वापरला नाही" म्हणून दोन.

समोर बसलेला असताना काय खरडायचं

पूर्ण वाक्यं लिहीत बसू नका, समोरचा घाबरतो आणि तुम्ही त्याच्याकडे बघायचं सोडून कागदाकडे बघत राहता. तीनच गोष्टी टिपा: त्याने काय केलं (कुठल्या क्रमानं), तो काय बोलला (महत्त्वाचं एखादं वाक्य त्याच्याच शब्दात), आणि तुम्ही काय सुचवलं. तिसरं सगळेच विसरतात. इंटरव्ह्यू घेणारा माणूस चांगला असला की नकळत मदत करतो, "अजून एकदा बघा की" म्हणतो, भुवया वर करतो, आणि मग उमेदवाराने उत्तर सुधारलं की नोटमध्ये लिहितो "बरोबर सांगितलं". दुसऱ्या खोलीतला कडक माणूस गप्प बसतो आणि त्याचा उमेदवार चुकतो. कागदावर पहिला हुशार दिसतो. म्हणून सुचवलं की समासात एक "सु" लिहा आणि काय सुचवलं ते दोन शब्दात.

भाषा. आपल्याकडे इंटरव्ह्यू मराठीत सुरू होतो, मध्येच कन्नड येतं, ड्रॉइंगवर आलं की इंग्लिश, आणि सगळ्यांना ते नेहमीचंच. उमेदवार ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत त्याचं वाक्य लिहा, देवनागरीत लिहिलंत तरी चालतंय. एकजण बुश हातात घ्यायच्या आधी बोअर गेजकडे बघून म्हणाला, "आधी झिरो कुणी सेट केलाय ते बघूया की सर." हे वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं असलं की तीन आठवड्यांनी वाचणाऱ्यालाही कळतं हा माणूस दुसऱ्याच्या सेटिंगवर विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी "मेथॉडिकल आहे" असं लिहिलं असतं तर काय कळलं असतं?

अजून एक, आपल्या बोलण्यात माणूस एकटाच असला तरी "आम्ही" म्हणतो. "आम्ही ती लॉट थांबवली" हे पुरावा म्हणून लिहायच्या आधी विचारा, "त्यात तुम्ही स्वतः काय केलं?" आणि जे उत्तर येईल ते लिहा. कधी कळतं की यानेच होल्डचा टॅग लावला, कधी कळतं की हा तिथं फक्त उभा होता.

उठून गेल्यावर पंधरा मिनिटं

पुढच्याला आत बोलवायच्या आधी पंधरा मिनिटं ठेवा. जेवण झाल्यावर लिहू म्हणालात तर दोन उमेदवार डोक्यात एकमेकांत मिसळतात, संध्याकाळी लिहू म्हणालात तर सोडूनच द्या. या पंधरा मिनिटांत खरडलेल्याची नोट करायची, आणि क्रम पक्का: आधी काय घडलं, मग मार्क, मग सगळ्यात शेवटी, वेगळ्या ओळीत, तुमचं मत. मार्क आधी टाकला की हात आपोआप त्या मार्काला शोभेल असंच लिहीत जातो.

पाच नंबरच्या उमेदवाराची आधी लिहिलेली नोट ही:

> मेजरिंग इन्स्ट्रुमेंट्सची माहिती चांगली, पण रीडिंगमध्ये गोंधळ. प्रेशरमध्ये चुकतो. २/४.

आणि त्याच इंटरव्ह्यूच्या खरडीवरून पुन्हा लिहिलेली:

> बुश: आधी ड्रॉइंग वाचलं, "एकवीस मायक्रॉन आहे, व्हर्नियर चालत नाही" म्हणाला. मायक्रोमीटर २५.०००ला लॉक करून बोअर गेज झिरो केला. बोअरमध्ये गेज डुलवून काटा उलटतो तो पॉइंट धरला. काट्याची दिशा उलटी वाचली, २५.०२७ ऐवजी २४.९७३ म्हणाला, "अंडरसाईज, रीवर्क होईल." सु: "प्लग गेजनं पण बघा." नोगो आत गेली, स्वतःच म्हणाला "म्हणजे मोठा आहे, मी काटा उलटा वाचला," आणि बोअर गेज पुन्हा लावून २५.०२७ सांगितलं. रिजेक्ट. ३/४.

दोन्ही नोटा एकाच माणसाच्या, एकाच वीस मिनिटांच्या. पहिलीत "प्रेशरमध्ये चुकतो" हे कुठून आलं? तो प्रेशरमध्ये होता हे कुणी मोजलं नव्हतं, काटा उलटा वाचला एवढंच घडलं होतं, आणि बोअर गेजवर ही चूक नवीन माणसाकडून नेहमी होते, कारण बोअर मोठा असला की काटा आपल्याला वाटतो त्याच्या उलट बाजूला जातो. दुसरी नोट वाचून मालकाला कळतं की याला काय शिकवायला लागेल, आणि मार्कही बदलला, कारण ठरवलेल्या अर्थाप्रमाणे तो तीनमध्येच बसतो.

लिहून झालं की एक चाळणी लावा. नोटमधल्या प्रत्येक विशेषणावर बोट ठेवा आणि विचारा, "कशावरून?" उत्तर त्याच कागदावर असेल तर विशेषण काढून टाका, गरजच नाही. उत्तर कागदावर नसेल पण आठवत असेल तर ते लिहा आणि विशेषण काढा. आठवतही नसेल तर विशेषण काढा. थोडक्यात कॉन्फिडन्ट, स्मार्ट, सिन्सिअर, ॲटिट्यूड प्रॉब्लेम हे कुठल्याच रस्त्यानं वाचत नाहीत. सगळ्यात चिवट आहे ते "कम्युनिकेशन वीक", त्यावर जरा थांबतो.

आपल्या भागात "कम्युनिकेशन वीक"चे किमान चार अर्थ निघतात: इंग्लिश येत नाही, कन्नड येत नाही, मराठी अडखळतो, किंवा तिन्ही येतात पण कमी बोलतो. यातलं कामाला काय लागतं ते बघा. इन्स्पेक्टरला ड्रॉइंगवरचं इंग्लिश वाचता आलं पाहिजे आणि ऑपरेटरला त्याचा माल का थांबवला ते सांगता आलं पाहिजे, बास. मग तिसरा टास्क तोच ठेवायचा, शॉपमधला खरा ऑपरेटर बोलवायचा (कन्नड बोलणारा, आणि सगळ्यांना तोच) आणि उमेदवाराला म्हणायचं, याला सांगा. नोट अशी होते: "ऑपरेटरला ‘बोर दोड्ड आगैति, मशीन बंद माडु’ एवढंच कन्नडमध्ये, पुढचं मराठीत आणि बुशवर बोट ठेवून. ऑपरेटरला विचारलं काय कळलं, त्याने बरोबर सांगितलं." याला कुणी वीक म्हणेल? आणि फाडफाड इंग्लिश बोलणारा ऑपरेटरसमोर नुसता "रिजेक्ट, रिजेक्ट" म्हणून गप्प बसला तर तेही लिहा.

गाव, जात, घरी कुठली भाषा बोलतात, लग्न झालंय का, आडनावावरून कोण लागतो, हे कागदावर येऊ द्यायचं नाही. "चंदगडकडचा आहे, टिकणार नाही" अशी ओळ मी बघितली आहे, आणि ती लिहिणाऱ्याला अजिबात वाईट हेतू नव्हता, त्याला शिफ्टची काळजी होती. मग शिफ्टचं विचारा की, सगळ्यांना, दहा मिनिटांवर राहणाऱ्यालाही: "सकाळची शिफ्ट सातला, रात्रीची महिन्यातून एक आठवडा, कसं येणार-जाणार?" आणि उत्तर लिहा. एकजण म्हणाला मावशीकडे अनगोळमध्ये राहणार, दुसरा शहरातलाच असून म्हणाला रात्रपाळी नको. गावावरून काही कळलं असतं का?

चर्चेच्या आधी कागद जमा

तिघांनी इंटरव्ह्यू घेतले असतील तर तिघांचे कागद चर्चेच्या आधी एका माणसाकडे जमा झाले पाहिजेत, आणि तोपर्यंत चहाच्या टपरीवरसुद्धा "कसा वाटला रे?" नाही. मोठ्या हुद्द्याच्या माणसाने "मला तर आवडला" म्हटलं की खालच्यांच्या नोटा त्या बाजूला झुकतात, मुद्दाम नव्हे, आपोआप. एकाच माणसाच्या नोटेतही हे घडतं, एक गोष्ट आवडली की बाकीचे मार्क वर सरकतात, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेल्या मार्कांवरून हे दाखवलं होतं. म्हणून प्रत्येक टास्कचा मार्क त्या टास्कच्या ओळीखालीच, शेवटी एकदम तीन मार्क टाकायचे नाहीत. चर्चेनंतर मत बदललं तर जरूर बदला, पण जुनी नोट खोडू नका, खाली तारीख टाकून जोड द्या, "चर्चेनंतर: अमुक कारणाने ३ वरून २."

तुलना करताना कागद आडवा वाचायचा

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. लोक एका उमेदवाराची पूर्ण फाईल वाचतात, मग दुसऱ्याची, आणि मग डोक्यात दोन माणसं उभी राहतात, दोन कामं नाही. त्याऐवजी आधी सगळ्यांचा फक्त बुशचा टास्क एकापाठोपाठ वाचा, मग सगळ्यांचा माल थांबवण्याचा, मग ऑपरेटरचा. एक्सेल शीटवर उमेदवार उभे, टास्क आडवे, आणि चौकटीत मार्काबरोबर पुराव्याची एक ओळ. नावाऐवजी नंबर ठेवले तर अजून बरं.

तीन उमेदवार घेऊन बघू. दोन नंबर, डिप्लोमा, बोलायला एकदम भारी, बुशला व्हर्नियर लावला, "२५.०२, विदिन टॉलरन्स, पास." मार्क १. पाच नंबरचं वर वाचलंच, ३. सात नंबरचा इंटरव्ह्यू नऊ दिवसांनी झाला, दुसऱ्या माणसाने घेतला, आणि त्याच्या नोटेत होतं: "बोअर गेज, प्लग गेज सगळं व्यवस्थित सांगितलं, एक्सलंट. ४."

मार्कावर गेलात तर सात नंबर जिंकला. पण ओळ वाचा, "सांगितलं" लिहिलंय, "केलं" नाही. विचारल्यावर कळलं की त्या दिवशी बुश स्टँडर्ड रूममध्ये कुलूपबंद होता म्हणून तोंडीच घेतलं. मग सात नंबरचा ४ हा मार्कच नाही, ती चौकट रिकामी आहे. "विचारलं नाही", "विचारलं पण आलं नाही" आणि "तोंडी आलं, हातानं बघितलं नाही" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नोटेत तिन्हीसाठी वेगळे शब्द पाहिजेत. रिकामी चौकट शून्य धरली तर उमेदवारावर अन्याय, आणि अंदाजाने भरली तर बाकीच्यांवर. सरळ उपाय म्हणजे फोन करून परत बोलवा, तोच बुश, तेच वाक्य, पंधरा मिनिटं. सात नंबरला बोलवलं. त्याने प्लग गेज उचलला, नोगो आत गेली, "रिजेक्ट, ओव्हरसाईज." किती, म्हणून विचारल्यावर बोअर गेज घेतला पण झिरो सेट करता आला नाही. निर्णय न सुचवता बरोबर, कारणही सांगितलं, म्हणजे ४ राहिला, पण आता त्याच्या पुढे एक ओळ आली जी आधी नव्हती: "बोअर गेज सेटिंग येत नाही."

म्हणजे एकजण मार्काने पुढे पण सेटिंग येत नाही, दुसऱ्याला सेटिंग येतंय पण काटा उलटा वाचतो. इथं नोट तुम्हाला उत्तर देणार नाही, ती फक्त प्रश्न नेमका करते. तुमच्या लाईनवर बहुतेक चेकिंग प्लग गेजवर होत असेल तर सात नंबर, रोज मोजून आकडे चार्टवर भरायचे असतील तर पाच नंबर. आम्हाला चार्ट भरायचे होते. बाकी दोन टास्कला दोघं सारखेच होते, त्यामुळे पाच नंबर लागला आणि पहिल्या आठवड्यात त्याला काट्याची दिशा पक्की करून दिली.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. वीस मिनिटांचा बुश तुम्हाला माणूस सहा महिन्यांनी कंटाळेल का ते सांगत नाही, वेळेवर येईल का तेही नाही, त्यासाठी मागच्या ठिकाणी फोन करणं आणि प्रोबेशन हेच आहे. ते नोटेत अंदाजाने लिहू नका. आणि बुश दर खेपेला भरतीच्या आधी परत मोजून घ्या, दहा-पंधरा जणांनी प्लग गेज कोंबला की बोअर तेवढा राहत नाही, गंजही धरतो आपल्या पावसाळ्यात, मग जूनचे मार्क आणि सप्टेंबरचे मार्क एका शीटवर ठेवता येत नाहीत. बुशचा त्या दिवशीचा आकडा शीटच्या डोक्यावर लिहून ठेवायचा.

राहिले ते ज्यांना घेतलं नाही ते. त्यातले एक-दोघं फोन करून विचारतातच, "सर काय कमी पडलं?" दोन नंबरने केला होता. शीट उघडलं, बुशची ओळ वाचली आणि सांगितलं की टॉलरन्स एकवीस मायक्रॉनचा होता आणि तुम्ही वीस मायक्रॉनच्या व्हर्नियरवर पास दिला. तो क्षणभर गप्प, मग म्हणाला, "आमच्याकडे सगळं व्हर्नियरनंच चालूलालंय सर."